सायक्लिन हळूहळू वाढते, मग पेशीचा निर्णय एकदम कसा होतो?

प्रश्न : सायक्लिनचे प्रमाण तर हळूहळू वाढत जाते, मग पेशी विभाजनाचा निर्णय एकदम आणि माघारी न फिरण्यासारखा कसा घेते? चेकपॉइंट नेमके काय करतो, आणि पेशी कुठे थांबली आहे हे प्रयोगात कसे ओळखायचे?

उत्तर :

निर्णय सायक्लिनच्या प्रमाणात नसतो, तो उंबरठ्यात असतो. सायक्लिन हे पेशीचक्र चालवणारे प्रथिन सावकाश साठत जाते, परंतु त्याच्या जोडीचे कायनेज, म्हणजे इतर प्रथिनांवर फॉस्फेट चढवणारे एन्झाइम, एका ठरावीक पातळीपर्यंत जवळजवळ निष्क्रिय राहते आणि ती पातळी ओलांडताच स्वतःच स्वतःला आणखी सक्रिय करू लागते. चेकपॉइंट म्हणजे पेशीचक्रातील तपासणीचा थांबा, आणि बहुतेक चेकपॉइंटचे काम हा उंबरठा वर उचलून धरण्याचे असते. डीएनए दुरुस्त झाला किंवा त्याची प्रत पूर्ण झाली की उंबरठा खाली येतो आणि तोपर्यंत साठलेले सायक्लिन पुरेसे ठरते. पाठ्यपुस्तकातील वर्तुळाकार आकृतीत हा मुद्दा दिसत नाही, कारण तिथे प्रत्येक चेकपॉइंट म्हणजे रस्त्यावर आडवी काढलेली एक रेघ असते.

आधी घटक थोडक्यात पाहू. सायक्लिनवर अवलंबून असणारी कायनेजे, म्हणजे सीडीके, पेशीत कमीअधिक स्थिर प्रमाणात असतात. एकट्या सीडीकेचे सक्रिय केंद्र अर्धवट झाकलेले असते. सायक्लिन येऊन बसल्यावर त्या प्रथिनाची घडी बदलते, केंद्र उघडते आणि दुसरे एक कायनेज त्यावर एक आवश्यक फॉस्फेट चढवते. सायक्लिन मात्र तयार होते, साठते आणि ठरल्या वेळी नष्ट केले जाते. टिम हंट यांनी १९८२ च्या उन्हाळ्यात वुड्स होल येथे समुद्री अर्चिनच्या फलित अंड्यांमध्ये हेच पाहिले होते : एक प्रथिन सतत वाढत होते आणि प्रत्येक विभाजनाच्या वेळी अचानक नाहीसे होत होते. यीस्टमधील उत्परिवर्तनांवरून लेलँड हार्टवेल आणि पॉल नर्स यांनी कायनेजची बाजू शोधली होती, आणि २००१ चे नोबेल पारितोषिक या तिघांना मिळून देण्यात आले.

उंबरठ्याचा सर्वांत स्वच्छ पुरावा बेडकाच्या, म्हणजे झेनोपसच्या, अंड्यांच्या अर्कात मिळाला. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात नष्ट न होणारे सायक्लिन बी वेगवेगळ्या प्रमाणात अर्कात मिसळण्यात आले. समसूत्री विभाजनाबाहेर असलेला अर्क विभाजनाच्या अवस्थेत जाण्यासाठी साधारण ३२ ते ४० नॅनोमोलर सायक्लिन लागले, परंतु आधीच त्या अवस्थेत असलेला अर्क तिथे टिकून राहण्यासाठी १६ ते २४ नॅनोमोलर पुरेसे ठरले. म्हणजे समजा ३० नॅनोमोलर सायक्लिन असेल, तर एक अर्क विभाजनात असतो आणि दुसरा नसतो, आणि दोन्ही आपापल्या जागी स्थिर असतात. फरक पडतो तो कुठून आलात याचा. त्याच्या दहा वर्षे आधी, १९९३ मध्ये, नोव्हाक आणि टायसन यांनी समीकरणांवरून हेच भाकीत केले होते. त्याच अर्कात डीएनएची प्रत अर्धवट ठेवल्यास जाण्याचा उंबरठा बराच वर सरकतो. चेकपॉइंट म्हणजे काय, याचे याहून नेमके मोजमाप माझ्या पाहण्यात नाही.

हा दुहेरी उंबरठा निर्माण होतो तो दोन परस्परविरोधी एन्झाइमांमुळे. वी१ हे कायनेज सीडीके१ वर रोखणारे फॉस्फेट चढवते, तर सीडीसी२५ हे फॉस्फेटेज ते काढून टाकते. सक्रिय झालेले सीडीके१ सीडीसी२५ ला उत्तेजित करते आणि वी१ ला दाबते. थोडे सीडीके१ मोकळे झाले की ते स्वतःसाठीच आणखी वाट मोकळी करते, आणि म्हणूनच मधल्या पातळीवर ते फार काळ राहू शकत नाही. डीएनएला इजा झाली असेल तर एटीएम आणि एटीआर ही कायनेजे चेक१ व चेक२ यांच्यामार्फत सीडीसी२५ ला आवरतात. सायक्लिन बी तेवढेच असते, कित्येकदा जास्तही असते, तरी पेशी जी२ टप्प्यात, म्हणजे डीएनएची प्रत झाल्यानंतर आणि विभाजनाआधी, थांबून राहते.

आता जी१, म्हणजे डीएनएची प्रत सुरू होण्याआधीच्या, टप्प्याकडे वळू, कारण सस्तन प्राण्यांच्या पेशीत ‘विभाजन करायचे की नाही’ हा खरा प्रश्न तिथेच सुटतो. जी२ मध्ये प्रश्न फक्त ‘आता की थोड्या वेळाने’ एवढाच असतो.

वाढीचे संकेत मिळाल्यावर पेशी सायक्लिन डी तयार करते. त्याचे अर्धायुष्य साधारण अर्ध्या तासाचे आहे. संकेत थांबला की तासाभरातच ते मोठ्या प्रमाणात घटते, म्हणून ते जुना साठा न सांगता बाहेरच्या परिस्थितीची ताजी खबर देते. सायक्लिन डी सीडीके४ किंवा सीडीके६ शी जोडी करून आरबी या प्रथिनावर फॉस्फेट चढवते. आरबी ई२एफ या जनुकनियंत्रकाला धरून ठेवत असते. ही पकड सैल झाली की ई२एफ डीएनएच्या प्रतीसाठी लागणारी जनुके चालू करते, आणि त्यांतच सायक्लिन ई चे जनुक असते. सायक्लिन ई सीडीके२ शी जोडी करून आरबीवर आणखी फॉस्फेट चढवते, त्यामुळे आणखी ई२एफ सुटते आणि आणखी सायक्लिन ई तयार होते. शिवाय पी२७ हे प्रथिन सीडीके२ ला रोखत असते, आणि सीडीके२ त्याच पी२७ वर नाश करण्याची खूण उमटवते. रोखणाऱ्यालाच हटवणारी ही दुसरी साखळी पहिलीला जोर देते.

या साखळ्यांनी एकदा गती घेतली की वाढीचे संकेत काढून घेतले तरी पेशी पुढे जाते. आर्थर पार्डी यांनी १९७४ मध्ये या बिंदूची कल्पना मांडली. झेटरबर्ग आणि लार्सन यांनी १९८५ मध्ये स्विस ३टी३ पेशींची एकेक करून फिल्म घेतली आणि सिरम फक्त एका तासासाठी काढून घेतले. विभाजन होऊन तीन-चार तास झाले नव्हते अशा पेशींचे पुढचे विभाजन सुमारे आठ तासांनी लांबले. त्याहून वयाने मोठ्या पेशींवर परिणाम झाला नाही, त्या ठरल्या वेळी विभागल्या. तोटा एका तासाचा आणि विलंब आठ तासांचा, हे प्रमाण लक्षात घेण्यासारखे आहे : पेशी नुसती थबकत नाही, ती चक्राबाहेर पडते आणि परत येण्यासाठी तिला मोठा वळसा घ्यावा लागतो.

सायक्लिन डी आणि सायक्लिन ई यांच्यात आरबीचे काम नेमके कसे वाटले जाते, याविषयी अजून वाद आहे. एका मतानुसार सायक्लिन डी ची जोडी आरबीच्या प्रत्येक रेणूवर एकच फॉस्फेट चढवते आणि खरी मुक्तता सायक्लिन ई करते. दुसऱ्या मतानुसार सीडीके४ व सीडीके६ स्वतःच आरबीवर भरपूर फॉस्फेट चढवतात आणि जी१ च्या बऱ्याच काळात ते त्यांनाच टिकवून ठेवावे लागते. एकेका पेशीवरील मोजमापांवरून मला दुसरे मत अधिक पटते, परंतु परीक्षेत तुमच्या पुस्तकातील क्रम लिहिला तरी तो चूक ठरू नये.

आणखी एक गोष्ट पुस्तकांत क्वचितच येते. निर्णयाचा मोठा भाग आईपेशीतच झालेला असतो. २०१३ मध्ये स्टॅनफर्ड येथे सीडीके२ ची सक्रियता जिवंत पेशीत दाखवणारा चमकता संवेदक वापरून पाहिले गेले, तेव्हा विभाजनानंतर लगेचच पेशींचे दोन गट पडलेले दिसले. एका गटात सीडीके२ ची सक्रियता जन्मापासूनच चढत होती, दुसऱ्यात ती तळाला राहून पेशी विश्रांतीत जात होती, आणि या दुसऱ्या गटात सीडीके२ ला रोखणारे पी२१ हे प्रथिन जास्त होते. पुढच्या कामातून असे दिसले की आईपेशीत डीएनएची प्रत होताना किरकोळ इजा झाली असेल, तर तिने तयार केलेले पी५३ हे इजेला प्रतिसाद देणारे प्रथिन आणि तिला मिळालेले वाढीचे संकेत या दोहोंचा वारसा लेकींना मिळतो. एकाच बशीतील, एकाच माध्यमातील पेशी वेगवेगळे वागतात, त्यामागचे एक मोठे कारण हेच.

इजेमुळे जी१ मध्ये होणारा थांबा दोन वेगांचा असतो. आधी सीडीसी२५ए नष्ट होते, त्याला मिनिटे लागतात आणि नवे प्रथिन तयार करावे लागत नाही. मागून पी५३ स्थिर होते, पी२१ चे जनुक चालू करते, आणि पी२१ सीडीके२ ला चिकटून बसते. याला काही तास लागतात, परंतु हा थांबा टिकाऊ असतो. पी५३ नसलेल्या पेशीत पहिला थांबा असतो, दुसरा नसतो, आणि त्यामुळे जी१ मधील पेशी थोडी अडखळून पुढे जाते.

आता ओळखायचे कसे ते एका प्रयोगावरून पाहू. तीन पेशीवाण घ्या. एमसीएफ-७ मध्ये आरबी आणि पी५३ दोन्ही शाबूत आहेत. एमडीए-एमबी-४६८ मध्ये आरबी नाही आणि पी५३ बिघडलेले आहे. हेला पेशींमध्ये मानवी पॅपिलोमा विषाणूच्या १८ क्रमांकाच्या प्रकाराचे दोन जनुक चालू असतात, त्यांतील ई७ आरबीला निकामी करते आणि ई६ पी५३ नष्ट करवते. पहिली दोन वाणे स्तनाच्या कर्करोगाची, तिसरे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे.

तिन्ही वाणांना पाल्बोसिक्लिब हे सीडीके४ व सीडीके६ रोखणारे औषध ०.५ ते १ मायक्रोमोलर या मात्रेत २४ तास द्या. मग पेशी ७० टक्के थंड इथेनॉलमध्ये स्थिर करा, आरएनए पचवा, प्रोपिडियम आयोडाइडने रंगवा आणि फ्लो सायटोमीटरवर डीएनएचे प्रमाण मोजा. औषध न दिलेल्या एमसीएफ-७ मध्ये निम्म्याहून थोड्या अधिक पेशी दुप्पट न झालेल्या डीएनएच्या शिखरात, म्हणजे २एन मध्ये दिसतात. औषधानंतर हे प्रमाण ८० टक्क्यांच्या वर जाते आणि मधला एस, म्हणजे डीएनएची प्रत होण्याच्या, टप्प्याचा पट्टा जवळजवळ रिकामा होतो. एमडीए-एमबी-४६८ आणि हेला यांच्या आलेखात विशेष फरक पडत नाही, कारण ज्या आरबीमुळे सीडीके४ ची गरज निर्माण होते ते आरबीच तिथे कामाचे नसते.

त्याच नमुन्यांतील प्रथिने वेगळी करून प्रतिपिंडांनी ओळखणारा वेस्टर्न ब्लॉट केला तर एमसीएफ-७ मध्ये फॉस्फेट चढलेल्या आरबीचा पट्टा फिका पडलेला दिसेल. त्याच पडद्यावर सायक्लिन डी१ मात्र वाढलेले दिसते. नवख्याला हे कोडे वाटते आणि तो औषध चालले नाही असे समजतो. प्रत्यक्षात पेशी थांबलेली आहे, सायक्लिन साठलेले आहे आणि त्याच्या जोडीचे कायनेज औषधाने बंद केलेले आहे. केवळ सायक्लिनचा पट्टा पाहून पेशी विभागत आहे की नाही हे सांगू नये, असे मी विद्यार्थ्यांना वारंवार सांगतो, ते यासाठीच. कायनेजचे काम पाहायचे असेल तर त्याने ज्यावर फॉस्फेट चढवले ते प्रथिन पाहावे.

आलेखातील २एन शिखर उंच झाले एवढ्यावरून जी१ मधील थांबा सिद्ध होत नाही, ही दुसरी अडचण. पुढच्या टप्प्यांतील पेशी मरून गळाल्या, तरी उरलेल्यांत २एन चे प्रमाण वाढलेलेच दिसेल. शिवाय जी१ मधली पेशी आणि विश्रांतीतली पेशी या आलेखावर वेगळ्या दिसत नाहीत. म्हणून मी औषधासोबत नोकोडॅझोल घालून आणखी एक बशी ठेवतो. नोकोडॅझोल सूक्ष्मनलिका मोडते, त्यामुळे जी कोणती पेशी जी१ ओलांडून पुढे येईल ती विभाजनात अडकते आणि दुप्पट झालेल्या डीएनएच्या शिखरात, म्हणजे ४एन मध्ये, जमा होते. १८ ते २४ तासांनंतर ज्या पेशी २एन मध्येच आहेत त्या खरोखर थांबलेल्या, आणि ४एन मध्ये गेलेल्या पेशींना आपला थांबा लागू पडला नाही. यात मृत पेशींचाही हिशेब ठेवावा. बशीवर तरंगणाऱ्या पेशी ओतून न देता त्या गोळा करून मोजणीत घ्याव्यात, कारण विभाजनात अडकलेल्या गोल पेशीही सहज सुटून तरंगू लागतात आणि त्या फेकल्या की नेमकी हवी ती माहिती जाते.

याच तीन वाणांना ४ ते ५ ग्रे एवढे किरण दिले तर चित्र वेगळे दिसते. एमसीएफ-७ मध्ये एका दिवसाने २एन आणि ४एन ही दोन्ही शिखरे उरतात आणि मधला भाग ओसरतो : पी२१ मुळे जी१ मध्ये, आणि सीडीसी२५ आवरल्यामुळे जी२ मध्ये, असे दोन ठिकाणी थांबे लागलेले असतात. हेला आणि एमडीए-एमबी-४६८ मध्ये ४एन चे एकच शिखर वर येते. जी१ चा चेकपॉइंट तपासण्यासाठी हेला पेशी वापरलेले प्रकल्प अजूनही पाहायला मिळतात. त्यांतून निष्कर्ष निघतो तो विषाणूच्या दोन प्रथिनांविषयी, मानवी पेशीविषयी नव्हे. सिरम काढून हेला एकसाथ थांबवण्याचे प्रयत्नही याच कारणाने फसतात.

४एन शिखरातही दोन प्रकारच्या पेशी मिसळलेल्या असतात, जी२ मध्ये थांबलेल्या आणि विभाजनात अडकलेल्या. त्यांना वेगळे करण्यासाठी हिस्टोन एच३ च्या दहाव्या सेरिनवरील फॉस्फेटचे प्रतिपिंड वापरावे. किरणांनंतर ते जवळजवळ दिसत नाही, नोकोडॅझोलनंतर भरपूर दिसते.

नोकोडॅझोलने होणारा हा थांबा म्हणजे तर्कूचा चेकपॉइंट, आणि त्याची रीत इतरांपेक्षा वेगळी आहे. इथे सीडीके१ आधीच पूर्ण सक्रिय असते. पुढे जाण्यासाठी सायक्लिन बी आणि गुणसूत्रांचे वेगळे होणे रोखणारे सिक्युरिन नष्ट व्हावे लागतात, आणि तो नाश घडवणाऱ्या एपीसी या संकुलाला थोपवून धरणे हेच या चेकपॉइंटचे काम. ज्या गुणसूत्राच्या कायनेटोकोरला, म्हणजे धागे जोडले जाण्याच्या जागेला, अजून तर्कूचे धागे लागलेले नाहीत, तिथे मॅड२ हे प्रथिन आपला आकार बदलते आणि बीयूबीआर१ सोबत एपीसीच्या सीडीसी२० या साहाय्यकाला पकडते. रीडर आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये पीटीके१ पेशीत शेवटचा न जोडलेला कायनेटोकोर लेसरने नष्ट केला, आणि गुणसूत्र जोडले गेलेले नसतानाही पेशी सुमारे वीस मिनिटांत पुढच्या अवस्थेत गेली. चेकपॉइंटने गुणसूत्र जोडले आहे याची खात्री करून घेतली नव्हती, फक्त थांबवणारा संकेत बंद झाला होता. एकट्या कायनेटोकोरचा संकेत पुरतो, तरी तो अखंड टिकत नाही. थांब्यातही सायक्लिन बी थोडे थोडे गळत राहते आणि ते उंबरठ्याखाली गेले की पेशी विभागल्याशिवायच विभाजनातून बाहेर निसटते. म्हणून नोकोडॅझोलची बशी दोन दिवस ठेवून मोजू नये. ४एन डीएनएच्या पेशी जी१ सारख्या वागू लागतात आणि आलेख वाचता येत नाही.

पाल्बोसिक्लिबचा थांबा किती काळ परत फिरवता येतो, याचीही मर्यादा आहे. एक दिवसाने औषध धुऊन टाकले तर पेशी बऱ्याच एकसाथ एस टप्प्यात जातात. अनेक दिवस ठेवल्यास पेशी विभागत नाहीत, परंतु आकाराने वाढत राहतात, आणि सुटल्यावर डीएनएची प्रत करताना त्यांना इतकी अडचण येते की पी५३ असलेल्या पुष्कळशा पेशी पी२१ वाढवून कायमच्या बाहेर पडतात. रुग्णांमध्ये हे औषध साधारणपणे रोज १२५ मिलिग्रॅम, २१ दिवस देऊन ७ दिवस थांबवतात. अमेरिकेत त्याला संप्रेरकग्राही स्तनाच्या कर्करोगासाठी २०१५ मध्ये मान्यता मिळाली, आणि लेट्रोझोल या संप्रेरक घटवणाऱ्या औषधासोबत दिल्यावर आजार न वाढता जाणाऱ्या काळाचा मध्यक १४.५ महिन्यांवरून २४.८ महिन्यांवर गेला. पांढऱ्या पेशी कमी होणे हा त्याचा नेहमीचा दुष्परिणाम आहे. अस्थिमज्जेतील पूर्वपेशी मुख्यतः थांबतात, नेहमीच्या रसायनोपचारात जशा मरतात तशा सहसा मरत नाहीत, आणि म्हणून त्या सात दिवसांत गणना बऱ्यापैकी सावरते. गाठीने आरबी गमावले किंवा सायक्लिन ई फार वाढवले, तर मात्र औषधाचा परिणाम ओसरतो, कारण दोन्ही वाटा सीडीके४ ला वगळून पुढे जातात.

पी१६ या प्रथिनाविषयीही लिहितो, कारण त्याची नैदानिक चाचणी वाचताना हाच गोंधळ होतो. पी१६ हे सीडीके४ चे नैसर्गिक रोधक आहे. त्यामुळे पी१६ भरपूर असलेली पेशी थांबलेली असावी असे वाटते, आणि आरबी शाबूत असेल तर ते बरोबरही आहे. गर्भाशयमुखाच्या विषाणूजन्य विकृतीत मात्र ई७ ने आरबी निकामी केल्यामुळे पी१६ वरचा लगाम सुटतो, ते प्रचंड वाढते आणि पेशी तरीही विभागत राहते. म्हणून विकृतिशास्त्रज्ञ ऊतीच्या कापावर पी१६ चा गडद, सलग रंग दिसला की तो आरबी निकामी झाल्याची, आणि त्यामागे बहुधा विषाणू असल्याची, खूण धरतात. उलट एमसीएफ-७ मध्ये पी१६ चे जनुकच गळालेले आहे, आणि पाल्बोसिक्लिब तिथे बाहेरून त्याचीच जागा घेते.